रजेचा अर्ज आणि त्यातला चार्ज

तीन आठवड्यांच्या रजेसाठी मी पहिल्यांदा दिलेला अर्ज चार ओळींचा होता. तारखा, घरगुती कारण, 'माझ्या अनुपस्थितीत माझे काम सहकारी पाहतील' हे सगळेच लिहितात ते वाक्य, आणि शेवटी विनंती. दुसऱ्या दिवशी अर्ज माझ्या टेबलावर परत आला. तो नामंजूर झालेला नव्हता. आमच्या विभागप्रमुख बाईंनी 'सहकारी पाहतील' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि समासात तीन प्रश्न लिहिले होते: कोण? काय? केव्हा?

मला तेव्हा ते प्रश्न खवचट वाटले. रजा माझ्या हक्काची होती, शिल्लक होती, आणि विभागात आम्ही सहाजण होतो. मी बाईंच्या खोलीत जाऊन तोंडी उत्तर दिले, की शेजारच्या टेबलावरचा सहकारी सगळे बघेल आणि काही अडलेच तर मी फोनवर आहेच. बाई त्या दिवशी घाईत होत्या. त्यांनी सही केली. त्या सहकाऱ्याला ही बातमी माझ्याकडून नव्हे, तर मंजूर अर्जाची प्रत फिरली तेव्हा कळली, हे मला नंतर समजले.

मी एका मध्यम आकाराच्या संस्थेच्या लेखा विभागात पुरवठादारांची देणी पाहते. बिल येते, ते खरेदी आदेशाशी आणि माल मिळाल्याच्या नोंदीशी ताडून पाहिले जाते, एकजण ते संगणकावर चढवतो, दुसरा तपासून पुढे पाठवतो, आणि दर गुरुवारी मंजूर बिलांची रक्कम बँकेतून एकत्र सोडली जाते. महिना संपला की बँकेच्या खात्याचा आमच्या पुस्तकांशी ताळमेळ बसवायचा. काम काही विलक्षण नाही, पण ते घड्याळासारखे चालते आणि थांबले तर त्याचा आवाज होत नाही. त्या रजेत नेमके तेच झाले.

पहिल्या गुरुवारी बँकेचा ओटीपी माझ्या मोबाइलवर आला, कारण खात्याला नंबर माझा जोडलेला होता. मी प्रवासात होते; निरोप संध्याकाळी पाहिला, तोवर ओटीपीची मुदत कधीच संपून गेली होती. पैसे एक दिवस उशिरा गेले, त्याचे फारसे काही बिघडले नाही. खरे बिघडले ते दुसऱ्या आठवड्यात. रोज सकाळी थकीत बिलांचा एक अहवाल आपोआप तयार होऊन चौघांना जात असे. तो माझ्या लॉगिनवर चालतो, हे मी स्वतःच विसरले होते. रजेच्या नवव्या दिवशी माझ्या पासवर्डची मुदत संपली आणि अहवाल यायचा थांबला. चुकीचा अहवाल आला असता तर कोणीतरी ओरडले असते. पण न आलेल्या अहवालाची कोणाला आठवणही झाली नाही. आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने, ज्याला मी काहीच विचारले नव्हते, त्याने एका परीने योग्यच केले: जिथे जिथे निर्णय घ्यायचा होता, तिथे तो कागद 'त्या आल्यावर' अशी चिठ्ठी लावून बाजूला ठेवला. परतले तेव्हा त्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा वीतभर उंच होता. माझी रजा तीन आठवड्यांची होती आणि तिची भरपाई करायला मला पाच आठवडे लागले.

त्यानंतर काही वर्षांनी पुन्हा सलग तीन आठवडे हवे होते. या वेळी मी अर्जातच कामाच्या सोपवणुकीचा आराखडा लिहिला, आणि तो लिहिताना जे कळले ते मांडण्यासाठी हा लेख आहे.

आधी एक गोष्ट, जी मला पहिल्या वेळी मुळीच समजली नव्हती. आराखडा अर्जाच्या आत का असावा? रजा मंजूर झाल्यावर चार दिवस आधी सहकाऱ्याला एक मेल टाकून तो देता येत नाही का? देता येतो, बहुतेक जण तसेच देतात. पण त्या मेलला कोणाची मंजुरी नसते. माझ्या जागी बिले तपासण्याचा अधिकार कोणाला, एखादे काम तीन आठवडे लांबले तर चालेल का, एखादे काम या काळात बंदच ठेवावे का, हे निर्णय माझे नाहीत आणि माझ्या सहकाऱ्याचेही नाहीत. ते वरिष्ठांचे आहेत. आराखडा अर्जात असेल तर वरिष्ठांची एकच सही रजेवरही होते आणि या निर्णयांवरही होते. पुढे कोणी विचारले की हे काम का झाले नाही, तर ते 'ती सुट्टीवर होती म्हणून' झाले नाही असे राहत नाही, 'तसे ठरले होते म्हणून' झाले नाही असे होते. माझ्या जागी बसणाऱ्याला खरे संरक्षण या सहीचे असते.

तीन आठवडे ही मुदतही मोठी चमत्कारिक आहे. तीन दिवसांच्या रजेत काम थांबते आणि परतल्यावर उरकता येते. तीन महिन्यांच्या रजेत कार्यालय दुसरा माणूस नेमते. तीन आठवड्यांत मात्र कोणी नेमले जात नाही आणि काम थांबवताही येत नाही: पंधरा कामाचे दिवस, म्हणजे आठवड्याचे प्रत्येक काम तीनदा आणि, तारखा तशा असतील तर, महिनाअखेरचे काम एकदा. तरी अशी सलग रजा ही काही चैन नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७० सालच्या १३२ क्रमांकाच्या करारात वर्षाला किमान तीन कामकाजी आठवड्यांची पगारी रजा मानली आहे, आणि तिचे तुकडे केले तरी एक तुकडा साधारणपणे सलग दोन आठवड्यांचा असावा असे म्हटले आहे. बँकांमध्ये तर संवेदनशील जागांवरच्या माणसांना सलग रजेवर पाठवण्याची पद्धत वेगळ्याच कारणासाठी आहे: खुर्चीवर दुसरा माणूस बसला की पहिल्याने झाकून ठेवलेले काही असेल तर ते वर येते. माझ्याकडे झाकलेले काही नव्हते, पण न सांगितलेले पुष्कळ होते, आणि टेबलावर नव्याने बसणाऱ्याला या दोहोंतला फरक सहजासहजी कळत नाही.

माझी रजा १८ जून, सोमवार, ते ६ जुलै, शुक्रवार, अशी ठरत होती. ९ जुलैला हजर व्हायचे. म्हणजे २१ जून, २८ जून आणि ५ जुलै असे तीन गुरुवार आणि मध्ये जूनची अखेर. पहिले काम यादी करण्याचे. मी आठवून आठवून अकरा कामे लिहिली आणि स्वतःवर खूश झाले. मग, केवळ शंका आली म्हणून, पाठवलेल्या मेलचा फोल्डर उघडला आणि गेल्या वर्षीच्या याच तीन आठवड्यांतले सगळे मेल ओळीने वाचले. त्यानंतर मागच्या महिन्यातले. आपण जे करतो असे आपल्याला वाटते ते स्मरणातल्या यादीत उतरते; खरोखर जे करतो ते पाठवलेल्या मेलमध्ये दिसते. अकराची सतरा कामे झाली. वाढलेल्या सहांपैकी चार अशी होती, की कोणीतरी मला काही विचारते आणि मी दोन ओळींत उत्तर देते. मी त्याला काम समजतच नव्हते, आणि विचारणारे मात्र त्यावर अवलंबून होते.

दुसरे काम निवडण्याचे. सतराही कामे दुसऱ्यांवर टाकली असती तर तो आराखडा न राहता शिक्षा झाली असती, कारण ज्यांच्यावर ती पडणार त्यांची स्वतःची कामे पूर्णवेळ आहेतच. म्हणून प्रत्येक कामापुढे मी एकच प्रश्न लिहिला: हे ९ जुलैपर्यंत झाले नाही तर कोणाचे काय अडते? सहा कामांपुढे काहीच लिहिता आले नाही. ती सरळ थांबवायची. चार कामे जाण्यापूर्वी उरकता येण्यासारखी होती. उरलेल्या सातांपैकी सहा कोणीतरी करायलाच हवी होती. आणि एक काम असे निघाले, की ते या काळात कोणीच करू नये असे माझे ठाम मत झाले.

ते काम म्हणजे पुरवठादारांच्या बँक खात्याचे तपशील बदलणे. 'आमचे खाते बदलले आहे, यापुढे पैसे या खात्यात पाठवावेत' असा मेल येतो, सोबत पत्रशीर्षावर पत्र असते, सही असते. त्यातले काही मेल खरे असतात आणि काही लुबाडणाऱ्यांचे. नेहमीच्या माणसाला मेलमधली भाषा, पत्त्यातले एखादे बदललेले अक्षर, वेळ, काहीतरी खटकते. तीन आठवड्यांपुरता बसलेल्या माणसाला ते खटकण्याचे कारण नसते, आणि अशा मेलमध्ये घाई हमखास असते. यावरची तपासणी साधी आहे: मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर फोन न करता आपल्याकडे आधीपासून नोंदलेल्या क्रमांकावर फोन करून विचारायचे. पण साधी तपासणीही दबावाखाली सुटते. म्हणून मी लिहिले की या काळात खात्याचा एकही तपशील बदलू नये. पैसे जुन्याच खात्यात जातील, आणि कोणी फारच नेट लावला तर त्या पुरवठादाराचे पैसे रोखून बाईंना सांगावे. याच कारणाने माझ्या मेलला लावायचे स्वयंचलित उत्तर मी दोन तऱ्हेचे केले. संस्थेतल्या लोकांना तारखा आणि नावे कळतील. बाहेरच्यांना फक्त विभागाचा सामाईक पत्ता. देणी पाहणारी बाई नेमकी केव्हापासून केव्हापर्यंत जागेवर नाही, हे जगाला सांगत बसण्याचे कारण नव्हते.

आता माणसे. येथे एक गाठ होती आणि ती कागदावर मांडेपर्यंत मला दिसली नव्हती. बिल चढवणारा आणि तपासणारा एकच असू नये, हा आमच्या कामाचा मूळ नियम आहे. मी तपासते. माझ्या हाताखालची तरुण सहकारी बिले चढवते, माझे काम तिलाच सगळ्यांत जास्त माहीत आहे, आणि म्हणूनच ते तिला देता येत नव्हते. ते तिला दिले असते तर पंधरा दिवस एकाच माणसाने बिल चढवले असते आणि त्यानेच मंजूर केले असते. बहुतेक ठिकाणी सोपवणूक अशीच चुकते असे मला वाटते: सर्वांत जवळच्या आणि सर्वांत जाणत्या माणसाकडे काम जाते, आणि दोन सह्यांची भिंत कोणाच्या लक्षात न येता पडते. शेवटी तपासणी दुसऱ्या टेबलावरच्या वरिष्ठ सहकाऱ्याकडे, महिनाअखेरचा ताळमेळ तरुण सहकारीकडे, आणि ठरावीक रकमेच्या वरची बिले थेट बाईंकडे, अशी विभागणी केली.

दोघांनाही अर्ज देण्यापूर्वी विचारले. वरिष्ठ सहकारी म्हणाले, "गुरुवारचं मी बघतो, पण २८ जूनला दुपारनंतर मी बाहेर आहे." हे वाक्य चार ओळींच्या अर्जाला कधीच कळले नसते. २८ तारखेची रक्कम सकाळी अकराच्या आत सोडायची, असे लगेच ठरले. तरुण सहकारी मात्र गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मॅडम, ताळमेळ मी कधी केलेला नाही. तुम्ही करताना पाहिलाय फक्त."

तिच्या या वाक्याने माझ्या अर्जाची तारीख ठरवली. रजेचा अर्ज किती दिवस आधी द्यावा याचा कार्यालयाचा एक नियम असतो, पण सोपवणुकीसाठी खरी मुदत ठरते ती सर्वांत क्वचित येणाऱ्या कामावरून. ताळमेळ महिन्यातून एकदाच होतो. माझ्या डोळ्यांदेखत तिने तो एकदा करायचा असेल, तर त्यासाठी मेअखेरची एकच संधी होती, आणि त्याआधी तिला बँकेचे खाते पाहण्याचा अधिकार मिळायला हवा होता, ज्याला आमच्याकडे आठवडाभर लागतो. म्हणून अर्ज २१ मेला दिला, बरोबर चार आठवडे आधी. जूनच्या सुरुवातीला दिला असता तरी नियमात बसला असता, आणि उपयोगाचा राहिला नसता.

अर्जाचा मजकूर असा होता:

'महोदया, मला १८ जून ते ६ जुलै या काळातील पंधरा कामकाजी दिवसांची रजा मंजूर व्हावी, ही विनंती. मी ९ जुलै रोजी हजर होईन. या काळातील कामाची व्यवस्था खालीलप्रमाणे प्रस्तावित आहे. नमूद केलेल्या दोन्ही सहकाऱ्यांशी बोलणे झाले असून त्यांची संमती आहे.

'गुरुवार २१ जून, २८ जून आणि ५ जुलै या दिवसांची देयके: बिले नेहमीप्रमाणे चढवली जातील, तपासणी वरिष्ठ सहकारी करतील. २८ जून रोजी ते दुपारनंतर उपलब्ध नसल्याने त्या दिवशीची रक्कम सकाळी अकरापूर्वी सोडली जाईल. ते गैरहजर राहिल्यास त्या दिवशीची तपासणी आपण करावी. त्यांना तपासणीचा अधिकार १८ जून ते ६ जुलै एवढ्याच मुदतीसाठी संगणक प्रणालीत द्यावा आणि बँकेचा ओटीपी त्यांच्या नोंदणीकृत क्रमांकावर यावा, यासाठी आपली मंजुरी हवी आहे.

'जूनअखेरचा ताळमेळ: तरुण सहकारी ४ जुलैपर्यंत पूर्ण करतील. मेअखेरचा ताळमेळ त्या माझ्या उपस्थितीत करतील. तो समाधानकारक न झाल्यास मी १२ जूनपूर्वी आपणास कळवीन आणि जूनअखेरचा ताळमेळ १२ जुलैपर्यंत लांबवण्याची परवानगी मागेन.

'या काळात होणार नाही: पुरवठादारांच्या बँक तपशिलांतील बदल, नव्या पुरवठादारांची नोंद, जुन्या वादग्रस्त बिलांचा पाठपुरावा आणि सोबतच्या यादीतील इतर चार कामे. यास आपली हरकत असल्यास कृपया कळवावे.

'माझ्याशी संपर्क: रक्कम चुकीच्या खात्यात गेल्यास, अथवा फक्त मलाच ठाऊक असलेला मूळ कागद तातडीने लागल्यास, आपल्यामार्फत निरोप द्यावा. मी दिवसातून एकदा, संध्याकाळी, निरोप पाहीन.'

एवढेच. एका पानात बसले. बिले कशी तपासायची, कोणता फोल्डर कुठे, कोणत्या पुरवठादाराच्या बिलात काय घोळ असतो, यातले काहीही अर्जात नव्हते. ते करणाऱ्यासाठी वेगळ्या नऊ पानांच्या टिपणात होते. ही दोन वाचकांची गोष्ट आहे. वरिष्ठांना ठरवायचे असते आणि सहकाऱ्याला करायचे असते. दोघांसाठी एकच कागद केला तर ठरवणारा तिसऱ्या पानावर कंटाळतो आणि करणाऱ्याला हवे ते सापडत नाही.

संपर्काच्या परिच्छेदाबद्दल थोडे जास्त लिहावेसे वाटते, कारण 'केव्हाही फोन करा' हे वाक्य मी एकेकाळी फार उदारपणे म्हणत असे. त्या उदारपणात लबाडी आहे. ज्याच्याकडे काम दिले त्याला हे वाक्य सांगते की निर्णय अजून माझ्याकडेच आहे; मग तो निर्णय घेत नाही, फोन करायला संकोचतो, आणि चिठ्ठी लावून कागद बाजूला ठेवतो. कोणत्या दोन गोष्टींसाठी फोन करायचा हे नेमके लिहिले की बाकी सगळ्या गोष्टी आपोआप त्याच्या अधिकारात येतात. निरोप बाईंमार्फत ठेवण्याचे कारणही तेच होते. बाईंकडे जावे लागते म्हटल्यावर पाचांपैकी चार प्रश्न वाटेतच सुटतात.

बाईंनी अर्ज दोन दिवसांनी परत केला. होणार नाही या यादीतल्या एका कामावर पेन्सिलीची खूण होती: एका वादग्रस्त बिलाचा पाठपुरावा थांबवून चालणार नव्हता, कारण तो पुरवठादार जुलैत माल देणे थांबवणार असल्याचे त्यांच्या कानावर आले होते. माझ्या कानावर ते आले नव्हते. ते काम त्यांनी स्वतःकडे घेतले. होणार नसलेल्या कामांची यादी लिहिताना मला थोडी लाज वाटली होती, जणू मी कामचुकारपणाची जाहिरात करत होते. पण संपूर्ण अर्जात वरिष्ठांना काही दुरुस्त करता आले असेल तर ते त्याच यादीत. यादी नसती तर ते काम तसेही झाले नसते, फक्त ते ऑगस्टमध्ये कळले असते.

मग तालमी. ७ जूनच्या गुरुवारी मी तपासले आणि वरिष्ठ सहकारी शेजारी बसले. १४ जूनला त्यांनी तपासले आणि मी हात मागे बांधून बसले. हे दुसरे फार अवघड असते. ते एका बिलापाशी थांबले, आणि मला ते काय चुकत आहेत हे दिसत होते, आणि बोलायचे नव्हते. रुग्णालयांत पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या डॉक्टरांना देण्याची एक ठरीव पद्धत आहे. तिच्यात शेवटी ऐकणाऱ्याने सगळे आपल्या शब्दांत परत सांगायचे असते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, नऊ रुग्णालयांतल्या अभ्यासात ही पद्धत आल्यावर वैद्यकीय चुकांचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटले. आमच्याकडे कोणाच्या जिवावर बेतत नाही, पण 'समजलं ना?' 'हो, समजलं' या संवादाला अर्थ नसतो हे आमच्या टेबलावरही तितकेच खरे आहे.

मेअखेरच्या ताळमेळात हे फारच उघड झाले. तो मला दीड तास लागतो. तरुण सहकारीला ५ जूनला चार तास लागले, आणि त्यातला तासभर माझ्यामुळे गेला. बँकेने लावलेले शुल्क बँकेच्या पत्रकात एका ओळीत येते आणि आमच्या पुस्तकात त्याच्यावरचा कर वेगळा काढून दोन ओळींत चढतो. त्यामुळे तिला एक रक्कम पत्रकात दिसत होती ती पुस्तकात सापडेना, आणि पुस्तकात दोन रकमा दिसत होत्या त्या पत्रकात सापडेनात. मी इतकी वर्षे त्या दोन ओळींची बेरीज डोळ्यांनीच करत आले होते. नऊ पानांच्या टिपणात तिचा उल्लेखही नव्हता. तिने विचारले, "मॅडम, ही बेरीज कुठे लिहिली आहे?" ती कुठेच लिहिली नव्हती. त्या दिवशी टिपणाची दहा पाने झाली. अहवालाचे जुने दुखणेही याच आठवड्यात निस्तरले: तो विभागाच्या सामाईक लॉगिनवर हलवला, आणि तो सकाळी दहापर्यंत आला नाही तर कोणी विचारायचे, त्या माणसाचे नाव लिहून ठेवले.

पासवर्ड मी कोणालाही दिला नाही. मागच्या वेळी दिला असता तर ओटीपी सोडून सगळे प्रश्न सुटले असते असे कोणी म्हणेल, आणि तेव्हा ते मला सुचलेही होते. पण माझ्या नावाने दुसऱ्याने तपासलेले बिल पुढे चुकीचे निघाले, तर ते मी तपासले नव्हते हे मला कधीच दाखवता आले नसते, आणि त्यालाही त्याने काय तपासले हे दाखवता आले नसते.

रजा कशी गेली ते येथे सांगण्यासारखे नाही. माझ्याशी एकदाही संपर्क झाला नाही. कार्यालयात काय झाले ते मला ९ जुलैला कळले. तो पूर्ण दिवस मी चार्ज परत घेण्यासाठी मोकळा ठेवला होता, एकही बैठक घेतली नव्हती. दोघांनाही मी जाताना एक वही दिली होती आणि तिच्यात झालेली कामे न लिहिता फक्त घेतलेले निर्णय लिहायला सांगितले होते, कारण झालेली कामे संगणकावर दिसतातच. ती तशी का केली हे दिसत नाही. पंधरा दिवसांत एकवीस ओळी झाल्या होत्या. २८ जूनची रक्कम अकराऐवजी पावणेबाराला गेली होती, पण गेली होती. ताळमेळ ४ जुलैच्या संध्याकाळी बसला होता. एका पुरवठादाराचे खाते बदलण्याचा मेल खरोखरच आला होता आणि तो 'मॅडम आल्यावर' या चिठ्ठीखाली होता. या वेळी चिठ्ठी योग्य जागी होती. मी नोंदलेल्या क्रमांकावर फोन केला. मेल खरा निघाला. पुरवठादाराला तीन आठवडे जुन्या खात्यात पैसे मिळाले होते आणि त्याला त्याचे काहीच वाटले नव्हते.

खरे सांगायचे तर वही वाचताना मला थोडे रितेही वाटले. आपले काम एका पानाच्या अर्जात आणि दहा पानांच्या टिपणात मावते, आणि ते वाचून दुसरे कोणी ते करू शकते, हे कळणे सगळ्यांनाच आवडत नाही. बरेच जण आराखडा लिहायचे टाळतात त्यामागे आळसापेक्षा हीच धास्ती असावी. मलाही ती होती. दुपारपर्यंत ती गेली, कारण वहीच्या सतराव्या ओळीपाशी मी अडले.

ओळ तरुण सहकारीच्या अक्षरात होती: '३ जुलै. मोठ्या पुरवठादाराच्या लेखा विभागातून फोन. म्हणाले, मॅडम दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बोलतात. कशाबद्दल ते त्यांनाही नीट सांगता येईना. ९ तारखेनंतर करा म्हटले.' मी त्यांच्याशी दर महिन्याला फोनवर दोन्हीकडची शिल्लक पडताळून पाहते. त्याला पाच मिनिटे लागतात, आणि त्याचा मेल कधीच जात नाही. म्हणून तो पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये नव्हता, आणि म्हणून तो सतरा कामांतही नव्हता. मी टिपण उघडले, अठरावे काम लिहिले, आणि त्यांना फोन लावला.